लाभांश दिला काय, नाही दिला काय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आणि निवृत्तीनंतर शेअर सांभाळणारे वाचक, दोघांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिकेत काय लिहायचं ते हवं असतं आणि निवृत्तांना खात्यात किती येणार ते. मुळात दोघांचा प्रश्न एकच आहे, म्हणून उत्तरं एकत्र दिली आहेत. कराचे आकडे जिथे आले आहेत तिथे ते कोणत्या काळाचे आहेत हेही लिहिलं आहे. हे नियम दर अर्थसंकल्पात हलतात, तेव्हा व्यवहार करताना चालू वर्षाचा नियम पाहावा.

१. "लाभांशाने शेअरच्या किमतीला काही फरक पडत नाही" असं खरंच कोणी म्हटलंय का?

म्हटलंय, पण अटी घालून. मर्टन मिलर आणि फ्रँको मोडिग्लियानी या दोघांनी १९६१ मध्ये हा युक्तिवाद मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनी कोणत्या धंद्यात किती पैसा घालणार हे आधीच ठरलेलं असेल, कर नसेल, खरेदी-विक्रीला खर्च येत नसेल आणि कंपनीबद्दलची माहिती सगळ्यांना सारखीच असेल, तर कमाईतला किती भाग लाभांश म्हणून वाटला यावर कंपनीची किंमत ठरत नाही. किंमत ठरते ती धंदा किती कमावतो यावर. लाभांश म्हणजे डाव्या खिशातले पैसे उजव्या खिशात.

पुस्तकांत याला लाभांशाचा असंबद्धता सिद्धांत म्हणतात. यातलं "गुंतवणूक आधीच ठरलेली" हे कलम वाचताना हमखास सुटतं, आणि पुढचे निम्मे गोंधळ तिथूनच सुरू होतात.

२. आकडे घालून दाखवा. मला लाभांश हवाच असेल आणि कंपनी देतच नसेल तर?

एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचे १ लाख शेअर आहेत आणि एकूण किंमत १ कोटी रुपये, म्हणजे शेअर ₹१०० चा. त्या १ कोटीतले २० लाख रोख पडून आहेत, बाकी ८० लाखांचा चालता धंदा. एका काकूंकडे तिचे ५०० शेअर आहेत, म्हणजे ₹५०,०००.

कंपनीने शेअरमागे ₹२० वाटले, तर २० लाख बाहेर गेले आणि उरला ८० लाखांचा धंदा. शेअर ₹८० वर आला. काकूंच्या खात्यात ₹१०,००० आले आणि ५०० शेअर ₹४०,००० चे राहिले.

कंपनीने काहीच वाटलं नाही, तर शेअर ₹१०० लाच राहिला. काकूंनी १०० शेअर विकले. ₹१०,००० हातात आले, ४०० शेअर उरले आणि त्यांची किंमत ₹४०,०००. याला घरगुती लाभांश म्हणतात. उलटही करता येतं: लाभांश आला पण नको होता, तर त्या ₹१०,००० चे ₹८० ने १२५ शेअर घ्यायचे. ६२५ शेअर, ₹५०,०००, जसे होतात तसे.

जे काम भागधारक घरबसल्या फुकटात करू शकतो, त्यासाठी तो कंपनीला जादा भाव का देईल? सिद्धांताचा सगळा जोर या एका प्रश्नावर आहे. "फुकटात" हा शब्द मात्र लक्षात ठेवा, प्रश्न ५ मध्ये तोच अडचणीत येतो.

३. पण ते २० लाख नव्या यंत्रासाठी ठेवले असतील तर? वाटले तर यंत्र कुठून येणार?

यंत्र घ्यायचंच आहे, कारण गुंतवणूक ठरलेली आहे. मग कंपनी २० लाख वाटते आणि तेवढेच नवे शेअर विकून उभे करते. वाटपानंतर भाव ₹८०, म्हणजे २५,००० नवे शेअर विकावे लागतील. आता शेअर १,२५,००० झाले आणि कंपनी पुन्हा १ कोटीची. जुन्या भागधारकांकडे १ लाख शेअर म्हणजे ८० लाख आणि वर मिळालेले २० लाख रोख. बेरीज तीच.

म्हणजे लाभांश घेताना जुन्या भागधारकांनी आपल्या कंपनीचा पाचवा हिस्सा नव्या लोकांना विकला. काकूंनी प्रश्न २ मध्ये आपल्या हाताने पाचवा हिस्सा विकला होता, इथे तोच कंपनीने विकला.

लाभांशापायी यंत्रच रद्द केलं आणि ते यंत्र चांगला नफा देणारं होतं, तर किंमत पडेल. पण ती पडेल चांगली गुंतवणूक सोडल्यामुळे. लाभांशावर तिचा ठपका ठेवता येत नाही.

४. आमच्या पुस्तकात शेअरची किंमत म्हणजे पुढच्या सगळ्या लाभांशांचं आजचं मूल्य असं दिलंय. मग लाभांश असंबद्ध कसा?

दोन्ही खरं आहे. किंमत लाभांशांच्या सगळ्या प्रवाहाची असते, यात वाद नाही. सिद्धांत म्हणतो की त्या प्रवाहाचं वेळापत्रक बदललं म्हणून एकूण मूल्य बदलत नाही. आज कमी दिलं तर ते धंद्यात वाढून पुढे जास्त मिळेल, आज जास्त दिलं तर पुढचा वाटा नव्या भागधारकांकडे जाईल.

अर्थात, रोखून ठेवलेला पैसा कधीतरी भागधारकापर्यंत पोचणार हे यात गृहीत धरलंय. संचालकांनी तो पैसा कायमचा दाबून ठेवला किंवा भलत्याच धंद्यात उडवला, तर वेळापत्रकाचा प्रश्नच उरत नाही, पैसाच गेला. डीअँजेलो या आडनावाच्या दोन अभ्यासकांनी २००६ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं होतं, आणि माझ्या मते सिद्धांतावरचा तो सर्वांत टोकदार आक्षेप आहे.

"हातचा लाभांश बरा, पळत्या भाववाढीचं काय खरं" हा जुना युक्तिवादही याच जागी अडखळतो. जोखीम धंद्यात असते. काकूंना आज ₹१०,००० हातात मिळाले म्हणून उरलेल्या ₹४०,००० ची जोखीम कमी झाली नाही.

५. क्लायंटेल परिणाम म्हणजे काय? आपल्याकडचं उदाहरण द्या.

क्लायंटेल म्हणजे गिऱ्हाईकवर्ग. प्रत्येक भागधारकाची कराची पातळी आणि पैशाची गरज वेगळी असते, म्हणून जो तो आपल्याला सोसेल असं लाभांश धोरण असलेली कंपनी शोधतो. त्यामुळे कंपनीच्या धोरणाभोवती विशिष्ट गिऱ्हाईक जमतं. मिलर-मोडिग्लियानींनी हा शब्द आपल्या १९६१ च्या लेखातच वापरला होता, त्यांच्या विरोधकांनी तो शोधलेला नाही.

भारतात याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण १ एप्रिल २०२० चं आहे. त्याआधी लाभांश वितरण कर कंपनी भरत असे. अधिभार आणि उपकर धरून त्याचा दर वाटलेल्या रकमेवर २०.५६ टक्के पडे. समजा, एका भागधारकापोटी कंपनीने ₹१०,००० बाजूला काढले. त्यातून कर वजा जाऊन त्याला सुमारे ₹८,२९५ मिळत. तो भागधारक कोण आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. उत्पन्न करमुक्त मर्यादेत असलेल्या काकूंना ₹८,२९५, ३० टक्के टप्प्यातल्या नोकरदारालाही ₹८,२९५. (वर्षाला १० लाखांहून जास्त लाभांश घेणाऱ्यांना २०१६ पासून आणखी १० टक्के होते, तेवढा अपवाद.)

२०२० ला हा कर गेला आणि लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जाऊ लागला. आता तेच ₹१०,००० बघा. काकूंना पूर्ण ₹१०,०००. ३० टक्के टप्प्यातल्या नोकरदाराला ४ टक्के उपकर धरून ₹३,१२० कर, हातात ₹६,८८०. सर्वांत वरच्या टप्प्यातल्या प्रवर्तकाला लाभांशावरचा १५ टक्के अधिभारही लागून ३५.८८ टक्के कर, हातात ₹६,४१२.

आता तो नोकरदार प्रश्न २ सारखा घरगुती लाभांश करून पाहतो. शेअर वर्षाहून जास्त काळापूर्वी ₹४० ला घेतले होते. १०० विकले, ₹१०,००० आले, नफा ₹६,०००. २३ जुलै २०२४ पासूनच्या दराने, १.२५ लाखांची सूट आधीच संपली आहे असं धरलं तरी, १२.५ टक्के आणि उपकर मिळून ₹७८० कर. हातात ₹९,२२०. लाभांशातून ₹६,८८० आणि विक्रीतून ₹९,२२०. दोन्ही खिसे सारखे राहिलेच नाहीत.

याचा अर्थ काकूंना भरपूर लाभांश देणारी कंपनी परवडते आणि नोकरदाराला नफा धंद्यात मुरवणारी. एका कायद्याने गिऱ्हाईकवर्गाची मांडणीच फिरवली, आणि कंपन्यांच्या धंद्यात त्या दिवशी काडीचाही बदल झाला नव्हता.

६. मग काकूंसारखे लोक खूप असतील तर जास्त लाभांश देऊन कंपनीने भाव वाढवून घ्यावा ना?

इथेच बहुतेक जण घसरतात. गावात शाकाहारी जेवणारे पुष्कळ आहेत म्हणून प्रत्येक शाकाहारी खानावळीला जादा दर मिळत नाही. सुरुवातीला एकच खानावळ असेल तेव्हा मिळेल. दर चढे दिसले की दुसरी उघडेल, तिसरी उघडेल, आणि गिऱ्हाईक पुरून उरेल इतक्या खानावळी झाल्या की जादा दर संपला. मग अकराव्या मालकाने शाकाहारी काढली काय आणि मांसाहारी काढली काय, गल्ल्यात तेवढंच.

शेअर बाजारातही हेच होतं. लाभांशाची जेवढी मागणी आहे तेवढा पुरवठा कंपन्यांनी मिळून केला असेल, तर एका कंपनीने धोरण बदलून तिला काही जादा मिळत नाही. एक गिऱ्हाईकवर्ग दुसऱ्याइतकाच चांगला, असं मिलर-मोडिग्लियानींनीच लिहून ठेवलंय.

फरक पडतो तो दोन वेळा. कायदा रातोरात बदलतो आणि पुरवठा मागे राहतो तेव्हा. आणि एखादी खानावळ वर्षानुवर्षांची शाकाहारी असून एका सोमवारी फलक बदलते तेव्हा. जुनं गिऱ्हाईक उठून जातं, नवं यायला वेळ लागतो, आणि त्या येण्या-जाण्याचा खर्च (दलाली, व्यवहार कर, भांडवली नफ्यावरचा कर) भागधारकांच्याच खिशातून जातो. म्हणून कंपन्या लाभांश धोरण सहसा हलवत नाहीत.

७. परीक्षेतला प्रश्न: "क्लायंटेल परिणामामुळे असंबद्धता सिद्धांत खोटा ठरतो. मग वाटपाचं धोरण महत्त्वाचं का ठरू शकतं?" उत्तर कसं लिहावं?

पहिलं वाक्य मान्य करू नका. क्लायंटेल परिणामाने सिद्धांत खोटा ठरत नाही. कोण कोणता शेअर धरतो हे त्याने कळतं. भाव किती हा वेगळा प्रश्न, आणि तिथे प्रश्न ६ प्रमाणे गिऱ्हाईकवर्ग पुरेसा सामावलेला असेल तर निष्कर्ष पुन्हा असंबद्धतेचाच निघतो. कर असूनही!

दुसऱ्या भागासाठी सिद्धांताची अटींची यादी हाताशी धरा आणि कोणती अट मोडली ते सांगत जा. करामुळे घरगुती लाभांश फुकट राहत नाही (प्रश्न ५). माहिती सारखी नसेल तर लाभांशाची घोषणा बातमी बनते (प्रश्न ११). व्यवस्थापनाच्या हाती रिकामा पैसा राहिला की तो उधळला जाण्याची भीती असते आणि तेव्हा "गुंतवणूक ठरलेली" ही अट मोडते. मायकेल जेन्सन यांनी १९८६ मध्ये मांडलेला मोकळ्या रोकडीचा युक्तिवाद तो हाच. भागधारक विकू शकत नसेल (प्रश्न १०) किंवा विकायला मनच धजत नसेल (प्रश्न ८), तर घरगुती लाभांशच होत नाही.

उत्तरपत्रिका तपासताना मला "दोन्ही सिद्धांतांत तथ्य आहे" हे वाक्य शेकड्याने दिसतं. त्याला गुण देता येत नाहीत. कोणती अट मोडली हे लिहिलं, तर एका ओळीलाही देता येतात.

८. माझी आई म्हणते, लाभांश खर्च करायचा पण मुद्दलाला हात लावायचा नाही. सिद्धांताप्रमाणे ती चूक आहे का?

हिशेबाने, हो. प्रश्न २ मध्ये काकूंचे ₹५०,००० दोन्ही वाटांनी ₹४०,००० वर आले. लाभांश घेतला तेव्हाही मुद्दल उतरलंच, फक्त शेअरची संख्या तशीच दिसली.

पण मुद्दलाला हात न लावण्याचा नियम हा हिशेब नसून लगाम आहे. दरमहा किती शेअर विकायचे हे स्वतःवर सोडलं, तर लग्नकार्यात, घराच्या डागडुजीत हात सैल सुटतो. पडत्या बाजारात विकताना जीवही तुटतो. हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८४ मध्ये लाभांशाच्या आवडीचं कारण म्हणून हाच आत्मसंयमाचा मुद्दा मांडला. तुमच्या आईसारखे लोक म्हणजे एक गिऱ्हाईकवर्गच आहे, आणि तो कराने बनलेला नाही.

त्याची दुसरी बाजूही आहे. म्युच्युअल फंडाच्या "डिव्हिडंड" पर्यायात आलेले पैसे म्हणजे वरकमाई, असं किती तरी लोक समजत. प्रत्यक्षात तेवढ्याने युनिटचं मूल्य उतरायचं आणि त्या पैशात त्यांचं स्वतःचं भांडवलही असू शकायचं. शेवटी सेबीने एप्रिल २०२१ पासून त्या पर्यायाचं नावच बदलायला लावलं: "उत्पन्न वाटप व भांडवल काढून घेणे" अशा अर्थाचं लांबलचक नाव. मुद्दलाला हात लागतोय हे नावातच लिहून टाकलं!

९. एक्स-डेटला भाव लाभांशाइतकाच पडायला हवा ना? माझा शेअर कमीच पडला.

एक्स-डेट म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला जाहीर झालेला लाभांश मिळत नाही तो दिवस. एका दिवसाच्या एका शेअरवरून काही ठरवू नका. लाभांश भावाच्या एक टक्का असेल आणि बाजार रोज एक-दीड टक्का इकडेतिकडे होत असेल, तर लाभांशाचा ठसा त्यात बुडून जातो.

पण शेकडो एक्स-डेटची सरासरी काढली तर काही दिसतं. एल्टन आणि ग्रुबर यांनी एप्रिल १९६६ ते मार्च १९६७ या काळातले न्यूयॉर्क शेअर बाजारातले आकडे घेतले. भाव सरासरीने लाभांशाच्या सुमारे ७८ टक्केच पडत होता. त्यांनी लावलेलं कारण असं: विकणारा आदल्या दिवशी विकून भांडवली नफ्यावर कमी कर भरतो, की दुसऱ्या दिवशी विकून लाभांशावर जास्त, याचा तोल जिथे साधतो तिथे भाव थांबतो. प्रश्न ५ मधल्या नोकरदारासाठी हा तोल काढा: लाभांशाच्या रुपयातले ६८.८ पैसे उरतात, नफ्याच्या रुपयातले ८७ पैसे. भागाकार ०.७९. दोन देश, दोन काळ, आणि आकडे इतके जवळ येणं हा निव्वळ योगायोग आहे. त्यावर इमला बांधू नका.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. जास्त लाभांश देणाऱ्या शेअरमध्ये भाव लाभांशाच्या जास्त जवळ पडत होता, म्हणजे ते शेअर कमी कर भरणाऱ्यांच्या हातात असावेत. क्लायंटेल परिणामाचा हा पहिला मोठा पुरावा मानला गेला. त्यावरचा आक्षेपही साधाच आहे: एक्स-डेटच्या आगेमागे फक्त लाभांशासाठी घेऊन विकणारे व्यापारी भाव ठरवत असतील, तर त्या आकड्यातून जुन्या भागधारकांचा कर कळत नाही.

१०. प्रवर्तकाला पैसे हवे असतील तर तो शेअर विकू शकतो. मग त्याला लाभांश कशाला?

विकू शकतो, पण विकल्यावर तो प्रवर्तक किती उरतो ते पाहा. प्रश्न २ च्याच कंपनीत त्याच्याकडे ५१ टक्के, म्हणजे ५१,००० शेअर आहेत. ₹२० लाभांश मिळाला तर १०.२ लाख हातात येतात आणि ५१ टक्के तसेच राहतात. घरगुती लाभांशाने तेवढेच पैसे उभे करायचे तर ₹१०० ने १०,२०० शेअर विकावे लागतील. उरले ४०,८००, म्हणजे ४०.८ टक्के. रुपयांचा हिशेब जुळला, बहुमत गेलं.

म्हणून बहुमत राखून रोकड हवी असलेला मालक हा वेगळाच गिऱ्हाईकवर्ग आहे. केंद्र सरकार सार्वजनिक कंपन्यांकडून किमान लाभांशाची अपेक्षा लेखी ठेवतं, ते याच कारणाने समजतं. टाटा सन्सकडे टीसीएसचे ७० टक्क्यांहून जास्त शेअर आहेत, तिथेही हिस्सा न हलवता रोकड मिळण्याचा रस्ता लाभांशाचाच. छोट्या भागधारकाला कर जड वाटतो म्हणून अशी कंपनी लाभांश थांबवेल, या भ्रमात राहू नये.

बायबॅकचं, म्हणजे कंपनीने आपलेच शेअर भागधारकांकडून परत विकत घेण्याचं काय, असं लगेच विचारलं जातं. सूचिबद्ध कंपन्यांच्या बायबॅकवर ५ जुलै २०१९ पासून कंपनी २३.२९६ टक्के कर भरत होती आणि भागधारकाच्या हातात रक्कम करमुक्त होती. ३५.८८ टक्के भरणाऱ्याला लाभांशापेक्षा हे बरं होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून बायबॅकची पूर्ण रक्कमच लाभांश मानली जाऊ लागली आणि ते आकर्षण गेलं. या तरतुदीत वारंवार बदल होत आलेत, म्हणून बायबॅकचा अर्ज भरण्याआधी त्या वर्षाचा नियम वाचाच.

११. कंपनीने लाभांश कापला आणि भाव कोसळला. हा क्लायंटेल परिणाम का?

भाव कोसळला एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. १९५६ मध्ये जॉन लिंटनर यांनी अमेरिकी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवलं की लाभांश कमी करायला ते फार कचरतात, आणि टिकवता येईल याची खात्री असेल तरच वाढवतात. त्यामुळे कपात झाली की बाजार समजतो, आतलं काही तरी बिनसलंय. हा संकेत झाला, गिऱ्हाईकवर्ग नव्हे.

दोन्ही एकत्र गुंततात याचं गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कच्या कॉन एडिसन या वीज कंपनीचं. १८८५ पासून अखंड लाभांश देणाऱ्या या कंपनीने एप्रिल १९७४ मध्ये तिमाही लाभांश रद्द केला. भाव जवळपास एक तृतीयांश उतरला. निवृत्त आणि विधवा भागधारकांचा घरखर्च त्यावर चालायचा, म्हणून त्यांनी सभेत आकांत केला. ते गिऱ्हाईकवर्गाचं दुखणं खरंच होतं. पण तेलाचे भाव भडकल्याने कंपनीकडे रोकडच उरली नव्हती, आणि ती बातमीही त्याच घोषणेतून बाहेर आली. भावातला कोणता तुकडा कशामुळे, हे त्यातून सुटं करता येत नाही.

वेगळं ओळखायचं तर भाव सोडून मालकी पाहा. आपल्याकडे सूचिबद्ध कंपनी दर तिमाही संपल्यावर २१ दिवसांत भागधारणेचा तक्ता बाजाराला देते. धोरण बदलण्याआधीचे दोन आणि नंतरचे चार तक्ते शेजारी ठेवा. छोट्या वैयक्तिक भागधारकांचा हिस्सा हळूहळू उतरला, फंडांचा चढला आणि धंद्याचे आकडे मात्र जागच्या जागी राहिले, तर गिऱ्हाईक बदललं असं म्हणायला आधार आहे. भाव घोषणेच्या दिवशीच पडला, सगळ्या वर्गांनी मिळून विकलं आणि पुढच्या दोन तिमाहींत नफाही घसरला, तर तो संकेत होता. एकाच वेळी दोन्ही दिसलं, तर कॉन एडिसनचीच गत.